केबल एकच, टोकं दोन आणि आकडे वेगळे: ट्रान्सफॉर्मर चार्ज करताना सबस्टेशनचा ब्रेकर का पडत होता?

पुणे जिल्ह्यातल्या एका औद्योगिक वसाहतीत ॲल्युमिनियमचं डाय कास्टिंग करणारा कारखाना आहे. 22 केव्हीचा स्वतंत्र फीडर, सबस्टेशनपासून कारखान्यापर्यंत 1.8 किलोमीटर जमिनीखालची केबल. जुना ट्रान्सफॉर्मर 1000 केव्हीएचा होता. भट्ट्या वाढल्या म्हणून त्याच्या जोडीला 2500 केव्हीएचा नवा बसवला: 22/0.433 केव्ही, डीवायएन-11, इम्पीडन्स 6.25 टक्के, तेलाचा. या नव्या ट्रान्सफॉर्मरला पूर्ण लोडवर एचटी बाजूला साधारण 66 अँपिअर लागतात, म्हणजे फीडरच्या मानाने फार काही नाही.

पहिल्या दिवशी तो विनातक्रार चार्ज झाला. पुढच्या दोन महिन्यांत निरनिराळ्या कारणांनी अकरा वेळा चार्ज केला आणि त्यातल्या चार वेळा ट्रिपिंग झालं. पडला तो कारखान्याचा व्हीसीबी नव्हे, दोन किलोमीटरवरचा सबस्टेशनचा ब्रेकर. रिलेवर दर वेळी एकच झेंडा: अर्थ फॉल्ट, हाय-सेट. जवळचा ब्रेकर जागचा हलत नाही आणि लांबचा पडतो, हे प्रोटेक्शनच्या माणसाला लगेच खटकतं. शिवाय फीडर गेला की जुना ट्रान्सफॉर्मरही अंधारात जातो आणि होल्डिंग भट्टीतलं वितळलेलं ॲल्युमिनियम थंड व्हायला लागतं. मेंटेनन्सवाल्यांची झोप उडाली होती ती त्या धातूपायी.

मला बोलावलं तेव्हा निकाल जवळपास लागलेला होता. वीज कंपनीच्या अभियंत्यांनी लेखी कळवलं होतं की ट्रान्सफॉर्मर आतून खराब दिसतो, चाचण्यांचा अहवाल दिल्याशिवाय पुन्हा चार्ज करू नये. त्यांची भूमिका चुकीची नव्हती. त्यांचा रिले अर्थ फॉल्ट म्हणत होता आणि बदललेली वस्तू एकच होती. कारखान्याने चाचणी करणारी टीम बोलावली. मेगर, रेशो, मॅग्नेटायझिंग करंट, तेलातल्या वायूंचं पृथक्करण, सगळं स्वच्छ आलं. शेवटी वाइंडिंग रेझिस्टन्स मोजला, तोही तिन्ही फेजमध्ये सारखा. अहवाल दिला, परवानगी मिळाली, दुपारी चार्ज करायला घेतला. तीन प्रयत्नांत दोन वेळा सबस्टेशन पडलं. आधी तीनात एकदा पडत होतं, आता तीनात दोनदा. चाचण्या चांगल्या येऊनही परिस्थिती बिघडली, म्हणून सगळ्यांची खात्रीच पटली. ट्रान्सफॉर्मर कारखानदाराकडे परत पाठवायला ट्रेलरसुद्धा ठरला होता.

मेंटेनन्सचे प्रमुख मात्र एकाच गोष्टीवर अडून बसले होते. मला ट्रान्सफॉर्मरपाशी नेऊन म्हणाले, "साहेब, बुखोल्झच्या काचेत बघा. वायूचा एक बुडबुडा नाही. आत अर्थ फॉल्ट झाला असता तर तेल असं गप्प बसलं असतं का?" नसतं बसलं. आणि त्यांच्याच बोलण्यातून दुसरा धागा हाती लागला.

कारखान्याच्या एचटी पॅनेलमध्ये अर्थ फॉल्टसाठी सीबीसीटी आहे, म्हणजे केबलच्या तिन्ही कोअरभोवती मिळून बसवलेली एकच मोठी कडी. तिच्या रिलेचं पिकअप, म्हणजे ज्या करंटला रिले जागा होतो तो आकडा, होतं अवघं 10 अँपिअर. सातच्या सात ट्रिपिंगमध्ये, म्हणजे आधीची चार, मधे वेळ वाढवून बघितली तेव्हाचं एक (त्याचं पुढे सांगतो) आणि चाचण्यांनंतरची दोन, त्या रिलेने नुसतं पिकअपही नोंदवलेलं नव्हतं. सबस्टेशनचा रिले त्याच क्षणी 55 अँपिअर अर्थ करंट दाखवत होता. केबल एकच, तिचं एक टोक 55 म्हणतं आणि दुसरं शून्य. मधल्या केबलमध्ये फॉल्ट असता तर नुसती केबल चार्ज केल्यावरही ब्रेकर पडला असता. तसं एकदाही झालेलं नव्हतं. मग फरक उरला तो दोन्ही टोकांच्या मोजण्याच्या पद्धतीत. सबस्टेशनमध्ये सीबीसीटी नव्हता. तिथे तीन फेजवर करंट मोजणारे तीन वेगळे ट्रान्सफॉर्मर, म्हणजे सीटी, होते आणि त्यांची बेरीज करून अर्थ करंट काढला जात होता.

इथे जरा थांबून डेल्टाचा विचार करायला हवा, कारण संपूर्ण प्रकरणाची किल्ली तिथे आहे. ट्रान्सफॉर्मरची एचटी बाजू डेल्टा असते तेव्हा तिला जमिनीकडे जाणारी वाटच नसते. तीन तारांमधून जे आत येतं ते त्याच तीन तारांमधून बाहेर पडतं. चार्ज करताना क्षणभर उसळणारा करंट, म्हणजे इनरश, कितीही मोठा असो, वाकडातिकडा असो, तिन्ही फेजची बेरीज कुठल्याही क्षणी शून्यच यायला हवी. म्हणून निरोगी डेल्टा चार्ज करताना बेरजेत 55 अँपिअर दिसले तर ते जमिनीत गेलेले नसतात, ते मोजमापात तयार झालेले असतात.

सबस्टेशनच्या रिलेतून मागच्या दोन ट्रिपिंगची नोंद कॉमट्रेड फाइलमध्ये काढून घेतली आणि संध्याकाळी लॅपटॉपवर उघडली. ही नोंद कशी वाचायची ते सविस्तर सांगतो, कारण इनरश आणि फॉल्ट यांतला फरक डोळ्यांनी दिसतो.

बी फेजचे सगळे सुळके वरच्या बाजूला होते. प्रत्येक सुळका सात मिलिसेकंदांच्या आसपास रुंद, आणि त्यानंतर सायकल संपेपर्यंत रेघ जवळजवळ शून्यावर सपाट. आर फेज तसाच, पण खालच्या बाजूला. वाय फेजमध्ये दोन्हीकडे लहान लहान उंचवटे. पहिला सुळका 640 अँपिअरचा, पुढचा थोडा कमी, त्यापुढचा आणखी कमी. फॉल्टचा करंट असा नसतो. तो वरखाली दोन्हीकडे भरलेला असतो आणि मधे विश्रांती घेत नाही. व्होल्टेजच्या रेघा तर आणखी स्पष्ट होत्या: तिन्ही फेज जवळपास पूर्ण, कुणीही कोसळलेला नाही. कमी रोधाचा खरा अर्थ फॉल्ट असता तर त्या फेजचं व्होल्टेज खचलेलं दिसलं असतं.

आता बेरजेची रेघ. ब्रेकर लागल्यापासून पहिल्या चार सायकली ती वहीतल्या आखलेल्या ओळीसारखी सरळ होती. सुळके सगळ्यात मोठे असताना अर्थ करंट शून्य. पाचव्या सायकलीत आर फेजच्या सपाट भागाला बाक यायला लागला. तो शून्याच्या पलीकडे, सुळक्यांच्या उलट बाजूला झुकला, आणि नेमक्या त्याच जागी बेरजेची रेघ डोकं वर काढू लागली. 110 मिलिसेकंदांना ट्रिप. आर फेजचा सीटी संपृक्त झाला होता, म्हणजे त्याचा लोखंडी गाभा चुंबकीय फ्लक्सने भरून गेला होता आणि तो आता खरं सांगत नव्हता.

उशिरा का, याचं गणित करून बघितलं. इनरश एकाच बाजूला झुकलेला असल्यामुळे त्यात डीसीचा मोठा वाटा असतो, आणि तो मोठा ट्रान्सफॉर्मर असेल तितका सावकाश ओसरतो. सीटी 200/1 चा, 15 व्हीए, 5पी10 वर्गाचा. दुय्यम बाजूला साधारण 0.8 अँपिअर डीसी वाहत होता. वायरिंग, रिले आणि सीटीचं स्वतःचं वाइंडिंग मिळून रोध 4 ओहम धरला तर गाभ्यावर सतत 3.2 व्होल्ट डीसी पडतात. त्याने फ्लक्स थेंबाथेंबाने साठत जातो. नी-पॉइंट 150 व्होल्ट धरला तर गाभ्याची एकूण क्षमता 0.67 व्होल्ट-सेकंद येते. त्यात मागच्या वेळचा 60 टक्के फ्लक्स त्याच दिशेने उरलेला असेल तर रिकामी जागा राहते 0.27 ची. 3.2 व्होल्टने ती भरायला 84 मिलिसेकंद लागतात, म्हणजे चार सायकलींहून थोडं जास्त. नोंदीत पाचवी सायकल दिसत होती. 60 टक्के हा माझा अंदाज होता, मोजलेला आकडा नव्हे, पण हिशोब जागच्या जागी बसला.

यावरून आधीच्या एका फसलेल्या उपायाचाही उलगडा झाला. ट्रान्सफॉर्मरवर संशय येण्याआधी सबस्टेशनच्या मंडळींनी समजूतदारपणे हाय-सेट अर्थ फॉल्टला 100 मिलिसेकंदांचा विलंब देऊन बघितला होता. इनरश सुरुवातीलाच सगळ्यात मोठा असतो, तेवढा वेळ निघून गेला की झालं, असा विचार. फेजच्या बाबतीत तो बरोबर आहे. खोट्या अर्थ करंटच्या बाबतीत उलटा पडतो, कारण तो सुरुवातीला नसतोच, नंतर उगवतो. ट्रिप झालंच, फक्त 110 ऐवजी 210 मिलिसेकंदांच्या सुमाराला. विलंब देऊनही ट्रिप होतंय म्हणजे फॉल्ट खराच, असा निष्कर्ष त्यातून निघाला, विलंब काढून टाकला आणि मग चाचण्यांचं पत्र आलं.

चाचण्यांनंतर ट्रिपिंग का वाढलं? वाइंडिंग रेझिस्टन्स डीसी करंट सोडून मोजतात. त्या डीसीने ट्रान्सफॉर्मरचा कोअर एका दिशेने चुंबकित होतो आणि तसाच राहतो. चालू स्थितीत कोअरमध्ये फ्लक्सची घनता 1.7 टेस्लापर्यंत जाते असं धरू. व्होल्टेज शून्यातून जात असतानाच ब्रेकर लागला तर फ्लक्सला पहिल्या अर्ध्या सायकलीत दुप्पट, म्हणजे 3.4 पर्यंत जावं लागतं. त्यात उरलेला एखादा टेस्ला त्याच दिशेचा असेल तर 4.4. लोखंड मात्र 2 टेस्लाच्या आसपासच भरतं. त्यापुढची सगळी मागणी करंट भागवतो, तोच इनरश. ब्रेकर कुठल्या क्षणी लागेल हे नशिबावर असतं, म्हणून एरवी तीनात एकदा. चाचणीने उरलेला फ्लक्स वाढवून ठेवला आणि नशिबाचा वाटा कमी झाला. टीमचा क्रमही त्यात भर घालणारा होता: मॅग्नेटायझिंग करंट आधी आणि रेझिस्टन्स सगळ्यात शेवटी, त्यामुळे कोअर चुंबकित झाल्याचं कुठल्याच आकड्यात दिसलं नाही. आम्ही दुसऱ्या दिवशी मॅग्नेटायझिंग करंट पुन्हा मोजला. तीन पायांच्या कोअरमध्ये मधल्या फेजचा करंट कमी आणि कडेचे दोन जवळपास सारखे असतात. इथे कडेच्या दोघांत चांगलीच तफावत आली होती. डीसीची दिशा उलटसुलट करत आणि दर फेरीला करंट कमी करत कोअर डीमॅग्नेटाइज केला, तेव्हा ठेवण पहिल्यासारखी झाली. ट्रेलर रद्द झाला.

पण दर वेळी डीमॅग्नेटाइज करून कुणी चार्ज करत नाही. सेटिंग बदलणं भाग होतं, आणि ते होतं वीज कंपनीच्या हातात. त्यांच्या प्रोटेक्शन विभागासोबत बसलो तेव्हा त्यांचा पहिला प्रश्न रास्त होता: "तुमच्या ट्रान्सफॉर्मरसाठी आमच्या केबलचं संरक्षण आम्ही पातळ का करायचं?" त्यामुळे पिकअप नुसतं वाढवा, असं मी सुचवलंच नाही. 40 चं 100 अँपिअर केलं असतं तर ट्रिपिंग थांबलं असतं, पण मोठ्या रोधातून होणारा खरा फॉल्ट त्याच खिडकीतून निसटला असता.

रिले न्यूमेरिकल होता आणि त्यात दुसऱ्या हार्मोनिकवर रोखण्याची सोय होती, ती कुणी चालूच केलेली नव्हती. एकतर्फी सुळक्यांमध्ये 100 हर्ट्‌झचा घटक भरपूर असतो, फॉल्टच्या करंटमध्ये नगण्य. आमच्या नोंदींमध्ये आर आणि बी फेजमध्ये हा घटक 50 हर्ट्‌झच्या तुलनेत 40 टक्क्यांच्या वर होता, आणि सगळ्यात कमी सापडला तो वाय फेजमध्ये, 22 टक्के. म्हणून मर्यादा 15 टक्के ठेवली: कुठल्याही एका फेजमध्ये त्याहून जास्त दिसलं तर हाय-सेट अर्थ फॉल्ट रोखायचा. फेजचा करंट 1200 अँपिअरच्या वर गेला तर मात्र रोखणं आपोआप सुटतं. ही अट महत्त्वाची आहे. जबर फॉल्टमध्येही सीटी संपृक्त होऊन दुसरा हार्मोनिक तयार होऊ शकतो, आणि तेव्हा रिले अडवून ठेवणं धोक्याचं.

विलंबच आणखी वाढवला असता तर? नंतरच्या नोंदींवरून दिसलं की खोटा अर्थ करंट 300 मिलिसेकंदांच्या आसपास 40 अँपिअरखाली येतो, म्हणजे 250 चा विलंब जेमतेम पुरला असता. पण तो या ट्रान्सफॉर्मरच्या ओसरण्याच्या वेगावर अवलंबून राहिला असता, आणि प्रत्येक खऱ्या फॉल्टलाही तेवढा उशीर झाला असता. रोखणं फक्त हार्मोनिक असतानाच लागू होतं. मला तेच जास्त प्रामाणिक वाटतं.

रोखलेल्या त्या अर्ध्या सेकंदात राखण कुणी करायची? अर्थ फॉल्टचा आयडीएमटी टप्पा, म्हणजे करंट जितका जास्त तितका लवकर पडणारा, आम्ही मुद्दाम मोकळा ठेवला. त्याचं पिकअप 20 अँपिअर आणि टाइम मल्टिप्लायर 0.1 होता. 55 अँपिअर स्थिर राहिले तर तो 0.68 सेकंदाला पडतो. खोटा करंट अर्ध्या सेकंदात 20 च्या खाली जात होता, म्हणजे तो तग धरत होता, पण काठावर. मल्टिप्लायर 0.15 केला, वेळ 1 सेकंदाच्या थोडी वर गेली. जमिनीशी थेट जोडलेल्या 22 केव्हीवर खरा फॉल्ट झाला तर करंट पिकअपच्या वीसपटीहून कितीतरी जास्त असतो, तेव्हा हाच टप्पा 0.34 सेकंदात पडतो. हे आकडे कागदावर मांडल्यावर प्रोटेक्शन विभागाची अडचण उरली नाही.

फेजच्या हाय-सेटकडे आम्ही गेलो ते सहज म्हणून, आणि तिथे वेगळीच चूक सापडली. तो 600 अँपिअरवर, तात्काळ असा ठेवलेला होता. आपला 640 चा सुळका त्याहून मोठा असूनही तो कधी पडला नाही, कारण हा रिले 50 हर्ट्‌झचा घटक गाळून घेतो आणि 640 च्या सुळक्यातून त्याला जेमतेम 190 अँपिअर दिसतात. शिखर बघणारा जुना रिले याच सेटिंगवर पडला असता, हे रिले बदलताना ध्यानात ठेवायला हवं. चूक वेगळी होती. नव्या ट्रान्सफॉर्मरच्या एलटी बसबारवर फॉल्ट झाला तर एचटी बाजूला सुमारे 905 अँपिअर वाहतात (22 केव्हीचा फॉल्ट लेव्हल 250 एमव्हीए धरून). म्हणजे कारखान्याच्या एलटी पॅनेलमधल्या फॉल्टला एलटीचा ब्रेकर बाजूला राहून सबस्टेशन आधी पडलं असतं. जुन्या छोट्या ट्रान्सफॉर्मरसाठी 600 पुरत होते, नवा आल्यावर ते कुणी तपासलं नव्हतं. कारखान्याच्या व्हीसीबीला 1200 अँपिअर तात्काळ आणि सबस्टेशनला 1500 अँपिअर 250 मिलिसेकंदांनी, असं ठरवलं. 185 चौरस मिलिमीटरची ॲल्युमिनियम एक्सएलपीई केबल एका सेकंदाला 17 किलोअँपिअर सोसते, त्यामुळे साडेसहा किलोअँपिअर पाव सेकंद ही तिला अडचण नव्हती.

सेटिंग घातल्यावर लगेच चार्ज केलं नाही. आधी इंजेक्शन किटने शुद्ध 50 हर्ट्‌झचे 60 अँपिअर बरोबरीचे सोडले, रिले लगेच पडला. मग त्यात 100 हर्ट्‌झ मिसळले, रिले थांबला. मिश्रण काढलं, पुन्हा पडला. रोखणारं सेटिंग खऱ्या फॉल्टला अडवत नाही हे हाताने पाहिल्याशिवाय मी सही करत नाही.

त्यानंतर तीन रविवारांत मिळून ट्रान्सफॉर्मर बारा वेळा चार्ज केला. सगळ्यात मोठा सुळका 710 अँपिअरचा होता, म्हणजे आधी ज्यांनी ब्रेकर पाडला त्यांच्याहून मोठा. खोटा अर्थ करंट पाच वेळा 40 च्या वर गेला. ट्रिपिंग एकही नाही. त्यातल्या शेवटच्या रविवारी कारखान्याच्या दोन्ही व्हीसीबींना नो-व्होल्ट ट्रिपही जोडला. आतापर्यंत लाइट गेली की ते लागलेलेच राहायचे आणि लाइट आल्यावर दोन्ही ट्रान्सफॉर्मर सबस्टेशनच्या ब्रेकरवर एकदम चार्ज व्हायचे. आता जुना आधी घेतात, एक मिनिट थांबून नवा.

सबस्टेशनच्या टोकाला सीबीसीटी बसवायचं पुढच्या शटडाउनला ठरलं आहे. तिथल्या केबल बॉक्समध्ये जागा अरुंद आहे आणि केबलच्या स्क्रीनची अर्थिंगची तार आत्ता थेट खाली उतरवलेली आहे. ती कडीतून उलटी परत आणून मगच जमिनीला जोडावी लागेल, नाहीतर स्क्रीनमधून वाहणारा करंट बेरजेत मिसळेल आणि सीबीसीटी बसवूनही अर्थ फॉल्टचं मोजमाप चुकेल. तोवर हार्मोनिकचं सेटिंग काम करतंय. कारखान्याच्या एचटी पॅनेलच्या दारावर आतून सेटिंगचा कागद चिकटवला आहे, त्याखाली मेंटेनन्स प्रमुखांनी स्वतःच्या अक्षरात लिहिलंय: "वाइंडिंग रेझिस्टन्स घेतला तर डीमॅग्नेटाइज केल्याशिवाय चार्ज करू नये."